शून्य पूर्णांक एक की एक पूर्णांक सहा?

टेबलावर दोन कागद होते. दोन उत्पादकांच्या शंभर मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल ऑसिलेटरची डेटाशीट. आमच्या खरेदी विभागातल्या मॅडमनी दोन्हींवर पिवळ्या मार्करने एकेक ओळ रंगवली होती. एकावर ‘जिटर ०.१ पिकोसेकंद’, दुसऱ्यावर ‘जिटर १.६ पिकोसेकंद’. किमतीत दोन-चार रुपयांचा फरक.

“सोळापट चांगला माल त्याच भावात मिळतोय. यात मला विचारायला का पाठवलंत, सर?”

“मागच्या पानावरचा आलेख बघितलात का?”

“तो तुम्हा लोकांसाठी असतो. मी आकडा बघते.”

मी दोन्ही कागद उलटे केले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावून धरले. दोन्ही आलेखांच्या मोजपट्ट्या सुदैवाने एकच होत्या. उजेडात एका कागदावरची रेघ दुसऱ्या कागदावरच्या रेघेवर जवळजवळ तंतोतंत बसली. ऑसिलेटर सारखेच होते. मग एकाचा जिटर ०.१ आणि दुसऱ्याचा १.६ कसा?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला त्या दिवशी चहाचे दोन कप आणि पाठकोरे पाच-सहा कागद लागले. इथे जरा सावकाश सांगतो.

मोबाइल असो, संगणक असो की टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, आत कुठेतरी एक ऑसिलेटर ठरावीक वेगाने ठोके देत असतो. त्यालाच क्लॉक म्हणतात. शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत दहा नॅनोसेकंदांचं अंतर. प्रत्येक ठोका ठरल्या क्षणी पडला पाहिजे, पण तो कधी किंचित आधी पडतो, कधी किंचित नंतर. ही चुकामूक म्हणजे जिटर. ठोक्यामागून ठोका मोजत गेलं तर चुकांची एक लांबलचक यादी तयार होते, आणि या यादीचा वर्गमध्यमूळ काढला की डेटाशीटवर छापायला एक आकडा मिळतो. ०.१ पिकोसेकंद म्हणजे दहा नॅनोसेकंदांचा एक लाखावा भाग. एवढ्या वेळात प्रकाश तीसएक मायक्रोमीटर जातो. केसाची जाडीही त्याला पुरी ओलांडता येत नाही.

अशी चूक थेट मोजणं अवघड असतं. ठोक्याचा क्षण ऑसिलोस्कोपवर बघायचा, तर ऑसिलोस्कोपला स्वतःचं क्लॉक असतं आणि त्यालाही जिटर असतो. नेहमीच्या ऑसिलोस्कोपचा जिटर या ०.१ पिकोसेकंदाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे पडद्यावर दिसतो तो आपल्याच उपकरणाचा थरकाप. म्हणून चांगलं क्लॉक मोजणारे लोक वेळेकडे सरळ बघतच नाहीत, ते स्पेक्ट्रमकडे बघतात. कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे याचं चित्र काढतात, आणि त्या चित्रावरून वेळेची चूक हिशेबाने काढतात. माझ्या हातातल्या कागदावरचा आलेख हे तेच चित्र होतं.

क्लॉक अगदी निर्दोष असतं तर स्पेक्ट्रममध्ये शंभर मेगाहर्ट्झवर एक सरळ काठी दिसली असती, आजूबाजूला काही नाही. प्रत्यक्षात त्या काठीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना उतार असतो, वारुळासारखा. हा उतार म्हणजे फेज नॉइज. फेज म्हणजे लहर आपल्या चक्रात आत्ता नेमकी कुठे आहे ते. एक पूर्ण चक्र म्हणजे ६.२८ रेडियन. ठोका जरा उशिरा पडला म्हणजे फेज जरा मागे राहिली. वेळेची चूक आणि फेजची चूक ही एकच गोष्ट, फक्त एक सेकंदात मोजायची आणि दुसरी चक्राच्या हिश्शात.

पण वेळ चुकली तर शेजारच्या वारंवारतांना शक्ती कुठून येते? एक साधा प्रयोग मनात करून बघा. समजा ठोके एका ठरावीक लयीत पुढेमागे होताहेत, सेकंदाला चार लाख वेळा, म्हणजे चारशे किलोहर्ट्झने. फेज फार थोडी हलत असेल तर ही डुलणारी लहर म्हणजे मूळ निर्दोष लहर अधिक एक बारीक लहर असं लिहिता येतं. ती बारीक लहर म्हणजे मूळ लहर आणि ते डुलणं यांचा गुणाकार. दोन लहरींचा गुणाकार केला की त्यांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन नव्या लहरी मिळतात. हे अकरावीच्या त्रिकोणमितीत सगळ्यांनी घोकलेलं असतं, उपयोग मात्र कोणी सांगितलेला नसतो. म्हणून शंभर मेगाहर्ट्झच्या काठीच्या दोन्ही बाजूंना, चारशे किलोहर्ट्झ अंतरावर, दोन छोटे कान उगवतात. ठोके जितक्या झपाट्याने पुढेमागे होतात तितके कान काठीपासून लांब, आणि जितके जास्त पुढेमागे होतात तितके कान उंच.

उंचीचा हिशेब फार सोपा आहे आणि या विषयातला निम्मा जीव त्यातच आहे. फेज जास्तीत जास्त जितके रेडियन हलते त्याच्या निम्मी उंची प्रत्येक कानाला मिळते, मुख्य काठीच्या तुलनेत. कान मुख्य काठीपेक्षा ६० डेसिबल खाली आहेत असं समजा. म्हणजे शक्तीच्या हिशेबाने दहा लाखावा भाग आणि उंचीच्या हिशेबाने हजारावा. तर फेज हलते हजारावाच्या दुप्पट, ०.००२ रेडियन. ते ६.२८ ने भागा, दहा नॅनोसेकंदांनी गुणा. उत्तर येतं ३.२ पिकोसेकंद एका बाजूला, तितकेच दुसऱ्या बाजूला. वर्गमध्यमूळ सुमारे २.२५ पिकोसेकंद. पडद्यावर जेमतेम दिसणारे दोन कान, आणि नुकसान ०.१ च्या बावीसपट. हे उदाहरण मी उगीच निवडलेलं नाही. या कानांची भेट पुढे पुन्हा होईल.

ऑसिलेटरमधला खरा गोंगाट असा एका लयीत डुलत नाही. त्यात सगळ्या लयी एकदम असतात. सेकंदाला एकदा, दहादा, हजार वेळा, कोटी वेळा, आणि प्रत्येकीची स्वतःची छोटी कानांची जोडी. असे असंख्य कान एकमेकांना चिकटले की वारुळाचा उतार तयार होतो. आलेखाच्या आडव्या अक्षावर असतं काठीपासूनचं अंतर, म्हणजेच चूक किती वेगाने पुढेमागे होते ते. उभ्या अक्षावर असतं त्या ठिकाणी एक हर्ट्झ रुंदीच्या फटीत मुख्य काठीच्या तुलनेत किती शक्ती सापडते ते. याचं एकक डीबीसी प्रति हर्ट्झ. आमच्या दोन्ही कागदांवरची रेघ अशी होती: १ हर्ट्झवर उणे ६०, १० हर्ट्झवर उणे ९०, १०० हर्ट्झवर उणे १२०, एक किलोहर्ट्झवर उणे १५०. दर दहापटीला तीस डेसिबलची उतरण. दोन किलोहर्ट्झच्या जरा पुढे रेघ उणे १६० वर टेकते आणि मग थेट वीस मेगाहर्ट्झपर्यंत सपाट जाते.

या रेघेवरून जिटर काढायचा म्हणजे तिच्याखालचं क्षेत्रफळ मोजायचं. कान दोन बाजूंना असतात म्हणून दुप्पट करायचं, वर्गमूळ घ्यायचं म्हणजे रेडियन मिळतात, आणि ते सेकंदात बदलायचे. कागदावर लिहायचं तर असं:

σ = √(2 × ∫L(f) df) / (2π f₀)

आधी सपाट भाग घेऊ. उणे १६० डेसिबल म्हणजे एकावर सोळा शून्यांचा छेद. एका हर्ट्झला एवढं, तर दोन कोटी हर्ट्झला त्याच्या दोन कोटीपट. म्हणजे ५० कोटींतला एक भाग. दुप्पट केले की २५ कोटींतला एक. वर्गमूळ ०.००००६३ रेडियन. सेकंदात बदललं की ०.१ पिकोसेकंद. मॅडमनी रंगवलेला पहिला आकडा मिळाला. त्या डेटाशीटवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंही होतं: १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ. पिवळा मार्कर त्या ओळीपर्यंत पोचला नव्हता.

आता डावीकडची हद्द जरा सरकवू. मोजणी १२ किलोहर्ट्झऐवजी १० हर्ट्झपासून सुरू केली तर उताराचा भाग हिशेबात येतो. तो पट्टा रुंदीने नगण्य आहे, अवघा दोन किलोहर्ट्झ, पण तिथे रेघ उंच आहे. एकूण जिटर ०.१९ पिकोसेकंद होतो, जवळजवळ दुप्पट. मोजणी १ हर्ट्झपासून सुरू केली तर फक्त नऊ हर्ट्झांची भर पडते. वीस मेगाहर्ट्झपुढे नऊ हर्ट्झ म्हणजे हत्तीपुढे मुंगीसुद्धा नाही. पण जिटर होतो १.६ पिकोसेकंद. दुसरा कागद. त्याच्या तळटीपेत होतं: १ हर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ.

“म्हणजे दुसऱ्याने खरं सांगितलं आणि पहिल्याने लपवलं?” मॅडम.

तसंही नाही. बारा किलोहर्ट्झ हा आकडा कुणी आकाशातून आणलेला नाही. तो टेलिफोनच्या प्रकाशतंतूंच्या जाळ्यातून आला. अमेरिकेत सोनेट नावाची पद्धत होती, तिच्यातल्या सुमारे अडीच गिगाबिटच्या ओसी-४८ या वेगासाठी जिटर १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजायचा असं ठरलं. कारण साधं आहे. प्रकाशतंतूतून येणाऱ्या बिटांबरोबर वेगळं क्लॉक येत नाही, ग्रहण करणारं यंत्र ते बिटांवरूनच ओळखतं आणि त्यांच्या तालावर स्वतःला जुळवून घेत राहतं. पाठवणारा सावकाश मागेपुढे झाला तर घेणाराही तसाच सरकतो आणि बिट चुकत नाही. चुकतो तो झटक्याने. म्हणून घेणाऱ्याला पेलवतं तेवढं मोजणीतून वगळलं. त्या कामासाठी हे अगदी रास्त आहे. घोटाळा झाला तो पुढे. हा पट्टा उद्योगाची सवय बनला, आणि प्रकाशतंतूशी काडीचा संबंध नसलेल्या ऑसिलेटरच्या डेटाशीटवरही तोच छापला जाऊ लागला. आकडा लहान दिसतो, सगळेच तसाच छापतात, मग आपणच कशाला वेगळा छापा?

पण रेघ काठीजवळ एवढी का चढते? हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ऑसिलेटरमध्ये एक स्फटिक असतो आणि एक ॲम्प्लिफायर. स्फटिक कंप पावतो, ॲम्प्लिफायर त्याची दमणूक भरून काढत राहतो, झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या धक्क्यासारखा. धक्का क्षणभर चुकीच्या वेळी बसला तर झोपाळ्याची लय जरा बदलते. आता खरी गंमत अशी की ऑसिलेटरला वेळापत्रक नसतं. उशिरा सुटलेली लोकल पुढच्या स्टेशनांवर वेळ भरून काढू शकते, कारण बरोबर वेळ कोणती ते मोटरमनच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असतं. ऑसिलेटर मात्र पुढचा ठोका मागच्या ठोक्यापासूनच मोजतो. मागचा ठोका चुकला तर ती चूक पुढच्याच्या पायात बांधली जाते, तिच्यावर पुढची चूक, आणि ही थप्पी कुणी उतरवत नाही. सावकाश होणाऱ्या चुकांना साठायला वेळ मिळतो म्हणून त्या मोठ्या होतात. झटपट होणाऱ्या चुका साठायच्या आत उलटतात. डावीकडे उंच, उजवीकडे सपाट अशी रेघेची घडण त्यातूनच येते. त्यात ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या गोंगाटातही मंद चढउतार जास्त असतात, म्हणून उतरण आणखी तीव्र होते. हे गणित डी. बी. लीसन यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई’च्या एका छोट्याशा लेखात मांडलं. आजही ऑसिलेटरवाले त्यांच्याच नावाने ते सूत्र वापरतात.

त्याच अंकात डेव्हिड ॲलन यांचाही लेख होता, आणि तो याच अडचणीच्या दुसऱ्या टोकाशी झगडत होता. आपण मोजणी १ हर्ट्झला थांबवली. ०.१ हर्ट्झपर्यंत नेली तर? रेघ उणे ३० पर्यंत चढेल आणि जिटर सोळा पिकोसेकंद होईल. ०.०१ ला न्यावी तर दीडशेच्या वर. जितकी डावीकडे जाल तितका आकडा फुगत जाईल आणि कुठेच स्थिरावणार नाही. ‘या ऑसिलेटरचा एकूण जिटर किती’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. किती वेळ बघत राहिलात, हे आधी सांगावं लागतं. ॲलन यांनी यावर तोड काढली ती लागोपाठच्या दोन कालखंडांतल्या वारंवारतेच्या सरासऱ्यांमधला फरक घेण्याची. अणुघड्याळांची तुलना आजही तशीच होते.

फरक घेण्याची ही कल्पना क्लॉकच्या जगात दुसऱ्याही रूपात येते, आणि मॅडमना पटली ती लोकलच्या उदाहरणावरून. दादरला उभं राहून दोन प्रकारच्या तक्रारी करता येतात. एक, गाडी वेळापत्रकापेक्षा किती उशिरा आली. दुसरी, मागच्या गाडीनंतर किती मिनिटांनी आली. सगळ्याच गाड्या पंधरा मिनिटं उशिरा धावत असतील तर पहिली तक्रार मोठी, पण दुसरी शून्य, दर चार मिनिटांनी गाडी येतेच आहे. ठोका ठरल्या क्षणापासून किती ढळला हा एक जिटर. लागोपाठच्या दोन ठोक्यांतलं अंतर दहा नॅनोसेकंदांपासून किती ढळलं हा दुसरा, त्याला पीरियड जिटर म्हणतात. संगणकाच्या प्रोसेसरला दुसऱ्याशीच देणंघेणं असतं. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत बेरीज पुरी झाली पाहिजे, सकाळपासून क्लॉक किती सरकलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आमच्या ऑसिलेटरचा पीरियड जिटर त्याच रेघेवरून काढला तर ०.०७ पिकोसेकंद येतो, म्हणजे दोन्ही छापील आकड्यांपेक्षा कमी. आणि मोजणी १२ किलोहर्ट्झपासून करा की १ हर्ट्झपासून, तो तेवढाच राहतो. सेकंदाला एकदा होणारं सरकणं दोन लागोपाठच्या ठोक्यांना जवळजवळ सारखंच लागू होतं, वजाबाकीत ते उडून जातं. दहा नॅनोसेकंदांत त्याला हलायला सवडच मिळत नाही. म्हणजे एकाच रेघेतून आता ०.०७, ०.१, ०.१९ आणि १.६ असे चार आकडे निघाले, चारही बरोबर.

१.६ हा आकडा ज्याला खरोखर छळेल असं गिऱ्हाईक कोण? रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. तिथे एकाच ठिकाणचा संदर्भ प्रकाशतंतूंनी सगळ्या डिशना पोचवला जातो, त्यामुळे मूळ क्लॉक सावकाश सरकलं तर सगळ्या डिश बरोबरच सरकतात आणि तुलनेत फार बिघडत नाही. पण एप्रिल २०१९ मध्ये ज्या दुर्बिणींच्या जाळ्याने कृष्णविवराचं पहिलं चित्र दाखवलं, त्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या डिश वेगवेगळ्या खंडांवर आहेत. प्रत्येक ठिकाणी वेगळं क्लॉक, नोंदी वेगळ्या, आणि त्या नंतर एकत्र आणून जुळवायच्या. ते ज्या लहरी टिपत होते त्यांची वारंवारता २३० गिगाहर्ट्झ, एक चक्र ४.३ पिकोसेकंदांचं. त्यात १.६ पिकोसेकंद इकडेतिकडे म्हणजे चक्राचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. लहरी जुळवायच्या कशा? म्हणून त्यांच्या प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसर हे अणुघड्याळ असतं, जे सेकंदांच्या हिशेबात शंभरपटींहून स्थिर राहतं. त्यांना १२ किलोहर्ट्झपासून मोजलेला आकडा दाखवला तर ते कागद सभ्यपणे परत करतील.

आमचं गिऱ्हाईक तसं नव्हतं. आमचा बोर्ड प्रकाशतंतूच्याच एका उपकरणात बसणार होता, म्हणून आम्हाला १२ किलोहर्ट्झचा आकडा लागू होता आणि त्या हिशेबाने दोन्ही ऑसिलेटर सारखेच. नमुने मागवले, बोर्डावर बसवले. फेज नॉइज मोजणारं यंत्र स्वतःचा जिटर उणे करण्यासाठी एकच सिग्नल दोन स्वतंत्र वाटांनी मोजतं आणि दोन्हींत समान असेल तेवढंच खरं मानतं. त्याने सांगितलेला आकडा होता २.२५ पिकोसेकंद. ०.१ च्या जागी.

रेघ मात्र बरोबर होती. उणे १६० वर सपाट, छापील आलेखासारखीच. फक्त चारशे किलोहर्ट्झवर एक सुई उभी होती, ६० डेसिबल खाली. तेच कान. छापील आलेखात असे कान बहुधा नसतातच. एक तर उत्पादक स्वच्छ बॅटरीवर मोजतो, दुसरं म्हणजे यंत्रात ‘कान वगळा’ असं एक बटण असतं, ते दाबलं की रेघ गुळगुळीत दिसते आणि क्षेत्रफळातूनही कान गायब होतात. मी आधी ते बटण दाबून बघितलं, आकडा ०.१ झाला. मग सोडलं, पुन्हा २.२५. गोंगाट आणि कान यांची बेरीज वर्गांची होते, त्यामुळे २.२५ च्या शेजारी ०.१ चा मागमूसही उरत नाही.

चारशे किलोहर्ट्झ हा आमच्याच बोर्डावरच्या स्विचिंग पॉवर सप्लायचा वेग होता, त्यामुळे आरोपी शोधायला फार हिंडावं लागलं नाही. तरी एक शंका राहते. पॉवर सप्लायची लाट क्लॉकच्या उंचीवर आली असेल, वेळेवर नाही, तरी साध्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर अगदी असेच कान दिसतात. उंची डुलली काय किंवा वेळ डुलली काय, तो फक्त कानांची उंची बघतो. आमचं यंत्र वेळेचेच कान वेगळे काढून दाखवत होतं, पण खात्रीसाठी एक जुनी युक्ती केली. क्लॉक दोनने भागणाऱ्या एका चिपमधून नेलं. अशी चिप फक्त ठोक्याचा क्षण बघते, उंची बघत नाही. त्यामुळे उंचीचे कान तिथेच गळून पडतात. वेळेचे कान टिकतात, पण वेळेची चूक तेवढीच राहून चक्र दुप्पट लांब झाल्याने चक्राच्या हिशेबात ती निम्मी होते. कान बरोबर सहा डेसिबलने उतरायला हवेत. ते उणे ६६ वर आले.

ऑसिलेटरच्या पॉवरच्या वाटेवर एक छोटा लिनियर रेग्युलेटर आणि दोन कपॅसिटर टाकले. कान शंभर डेसिबलच्या खाली गेले, यंत्रावरचा आकडा ०.१ च्या आसपास आला. दोन्ही उत्पादकांच्या नमुन्यांवर हेच घडलं.

ऑर्डर शेवटी १.६ वाल्याला गेली. त्याचा माल चार आठवडे आधी मिळत होता.